अर्ध्या पानाची नोट

आमच्या ऑफिसात बदलाची बातमी नेहमी मालकांच्या मोठ्या आवाजातून येते. त्या दिवशी ती अशी आली : "नवीन कंप्यूटर घेतलेत. जुनं वर्ड त्यावर चढत नाही. नव्या वर्डला दरवर्षी भाडं भरायचं म्हणे. मी घराचं भाडं भरत नाही, अक्षरांचं कशाला भरू? फुकटातलं काहीतरी आहे ना, ते घाला."

फुकटातलं होतं ते रायटर, वर्डसारखंच लिहायचं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही म्हैसूरला मेटगळ्ळीत रबरी सील आणि गॅस्केट करतो, आणि कंप्यूटरचं काहीही निघालं की मालक माझ्याकडे बघतात. कारण इतकंच की फार वर्षांपूर्वी मी एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता बाहेर काढला होता. तेव्हापासून मी तज्ज्ञ. खंडन करायची संधी अनेकदा आली. मी कधी केलं नाही.

"काही फरक पडेल का हो?" मालकांनी विचारलं.

"किरकोळ," मी म्हणालो. "नव्वद टक्के तेच आहे, सर."

हे नव्वद टक्के मी कुठून आणले, मला आजही सांगता येणार नाही. रायटर मी तोवर उघडलंही नव्हतं. पण मीटिंगमध्ये टक्केवारी सांगितली की माणूस अभ्यास करून आल्यासारखा वाटतो. मालक खूश झाले. म्हणाले, "मग तुम्हीच एक नोट काढा. कुठली बटणं बदलली, कुठली तीच आहेत. सगळ्यांना पाठवा. अर्धं पान. त्याहून मोठं कोणी वाचत नाही, मी तर नाहीच."

इथे आधी आमच्या ऑफिसची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मालकांना लिहायला आवडत नाही, बोलायला आवडतं. मोठं क्वोटेशन असलं की ते क्वोटेशनच्या टेबलामागे येऊन उभे राहतात आणि सांगत सुटतात. इंग्रजीत सुरू करतात, मध्येच कन्नडात शिरतात, मध्येच गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांचा समाचार घेतात. त्यांचा हुकूम असा की मी बोलतो ते सगळं टाइप करायचं, थांबायचं नाही, विचारायचं नाही, माझा विचार तुटतो. गाळायचं ते नंतर. म्हणजे आधी सगळं आलं तसं टाइप, मग मथळे ठीकठाक, मग गाळणी. गाळणी हा आमचा शब्द. मालकांच्या शिव्या, टोमणे, खाजगी मतं हळूच निवडून काढायची आणि उरलेलं सभ्य क्वोटेशन गिऱ्हाइकाला पाठवायचं.

हे काम जी करते ती आमची क्वोटेशनची बाई. माझ्याहून बरीच लहान, आमच्यासारखीच कित्येक पिढ्यांची म्हैसूरकर मराठी. तिच्या घरच्यांचं शिंपीकाम, अजून एक भाऊ शिवणयंत्र चालवतो. मला अण्णा म्हणते, मी तिला अम्मा म्हणतो. मराठी घरात हे विचित्र वाटेल, पण इथे लहान बाईलाही लाडानं अम्माच म्हणतात, आणि आमच्या मराठीत कोण कुठून आलं हे आता तपासत बसलं तर घरातली निम्मी भाषा दाराबाहेर ठेवावी लागेल. क्वोटेशनचं टेबल तिला नुकतंच मिळालं होतं. त्याआधी ती कित्येक वर्षं डिस्पॅचला चलनं फाडत होती. हे टेबल म्हणजे ऑफिसात खिडकीजवळची जागा, मालकांचा कान, आणि घरी सांगता येईल असं नाव. ते तिनं कमावलं होतं. गाळणीत तिच्याइतका हात कोणाचा बसत नाही. "ह्या गाढवांना मापं कळत नाहीत" ह्यातून ती "कृपया मापांची खात्री करावी" काढते.

असो. मी नोट लिहायला बसलो.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मी प्रामाणिकपणे लिहिली. रायटर उघडलं, एकेक बटण दाबून पाहिलं, मदतीची पानं वाचली. आणि माझे नव्वद टक्के तिथल्या तिथे वितळायला लागले. आमच्या ऑफिसात नवं क्वोटेशन म्हणजे जुनं उघडायचं, एफ-बारा दाबायचं, नव्या नावानं सेव्ह करायचं. रायटरमध्ये एफ-बारा दाबलं की परिच्छेदाच्या डोक्यावर "१." येऊन बसतो. सेव्ह-ॲजची खिडकी येतच नाही. त्यासाठी कंट्रोल-शिफ्ट-एस. अकाउंट्सवाले दोन ओळींत अंतर टाकायला कंट्रोल-दोन दाबतात. इथे ते दाबलं की मजकूर मथळा होऊन फुगतो. कंट्रोल-डी म्हणजे वर्डमध्ये फाँटची खिडकी, इथे दुहेरी अधोरेखा. कॉपी, पेस्ट, ठळक, तिरपं, अन्डू, हे मात्र होतं तिथेच होतं.

आणि मग कंट्रोल-शिफ्ट-सी.

जुन्या वर्डमध्ये हे आमच्या ऑफिसचं लाडकं बटण. स्टाइल वगैरे कोणाला येत नाही. एका मथळ्यावर उभं राहून कंट्रोल-शिफ्ट-सी, म्हणजे त्याचा रंगढंग उचलला. दुसऱ्या मथळ्यावर कंट्रोल-शिफ्ट-व्ही, म्हणजे तो तिथे चढवला. सगळं क्वोटेशन असं रंगवत न्यायचं. रायटरमध्ये रंगढंग उचलायला वर पट्टीत ब्रश आहे, पुष्कळ ठिकाणी लावायचा असेल तर त्यावर दोनदा क्लिक करायचं. कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबलं तर पेस्ट कसं करायचं ते विचारणारी खिडकी उघडते. आणि कंट्रोल-शिफ्ट-सी दाबलं तर बदलांची नोंद, म्हणजे ट्रॅक चेंजेस, चालू होते. चालू झाली असं कोणी ओरडून सांगत नाही. त्यानंतर तुम्ही जे पुसाल ते पुसलं जात नाही, आडवी रेघ ओढून तिथेच राहतं. पुन्हा तेच बटण दाबलं तर नोंद बंद.

हे सगळं मी माझ्या पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं. मसुदा दीड पान झाला.

दीड पान. आणि मी मीटिंगमध्ये म्हणालो होतो, किरकोळ.

मग मी कात्री चालवली. काय ठेवावं आणि काय काढावं ह्याचं माझं माप ऐका, आणि हसू आलं तर हसा. जे बदल मजेदार दिसत होते ते ठेवले. कंट्रोल-डी ठेवलं, कारण "दुहेरी अधोरेखा" लिहिताना मला भारदस्त वाटलं. एफ-बारा ठेवलं, कारण ते न ठेवतो तर पहिल्या दिवशीच माझी फजिती. कंट्रोल-दोन ठेवलं. कंट्रोल-शिफ्ट-सीची ओळ काढली. कारण तिला एकटीला सहा वाक्यं लागत होती, आणि नोंद म्हणजे काय, ती कुठे राहते, ती पुढे कोणाला दिसते, हे समजावून सांगणारी नोट कोणी किरकोळ बदलांची नोट म्हणून वाचली नसती. मालक म्हणाले असते, "हे किरकोळ?" ते त्यांनी म्हणू नये म्हणून मी ओळ पुसली. मला माहीत होतं ती का महत्त्वाची आहे. हे इथे लिहिलं पाहिजे, कारण नंतर मी बराच काळ स्वतःला सांगत होतो की माहीत नव्हतं.

नोटेला शीर्षक दिलं : "शॉर्टकटमधील काही किरकोळ बदल". नोट इंग्रजीत होती, पण किरकोळपणा सगळ्या भाषांत सारखाच. बरोब्बर अर्धं पान. मालकांनी वाचली नाही आणि शाबासकी दिली.

पुढचे काही दिवस ऑफिस पाहण्यासारखं होतं. अकाउंट्सच्या रिमाइंडरमध्ये "कृपया थकबाकी भरावी" हे वाक्य मथळा होऊन इतकं मोठं गेलं की एका गिऱ्हाइकानं घाबरून खरंच भरली. मालक म्हणाले, "हे चांगलं आहे, असंच ठेवा." सगळे माझ्याकडे येत, मी खुर्चीतून न उठता उत्तरं देई. इतकी वर्षं मी कोणाशी फारसं बोललो नाही, त्यामुळे लोकांना वाटतं मी खोल आहे. मी नुसता कमी बोलतो. त्या दिवसांत मात्र बोलायला लागलो होतो.

एका सकाळी ती आली. माझ्या हातात कॉफी.

"अण्णा, हे बघा री काय होतंय. गाळते ते जातच नाही. लाल होऊन, मधून रेघ मारून तिथेच बसतंय. मेलं भूत आहे का काय?"

मी तिच्या पडद्यावर पाहिलं. एका मोठ्या गिऱ्हाइकाचं क्वोटेशन होतं, बेंगळूरूचा कारखाना, आमच्या वर्षाच्या धंद्यातला चांगला मोठा घास. सकाळी मालक मागे उभे राहून सांगून गेले होते. सांगितलेलं सगळं तिनं टाइप केलं होतं, मग मथळे रंगवायला सवयीनं कंट्रोल-शिफ्ट-सी दाबलं होतं, मग गाळणीला बसली होती. मालकांची मतं तांबडी होऊन, अंगावर रेघ घेऊन, जागच्या जागी उभी होती.

मला एका नजरेत कळलं. तिथेच बसून मला सांगता आलं असतं : अम्मा, नोंद चालू झालीय. ती बंद करा आणि मग सगळे बदल स्वीकारा, म्हणजे गाळलेलं खरंच जाईल. दोन वाक्यं. पण दुसऱ्या क्षणाला तिनं विचारलं असतं, "मग हे तुमच्या नोटीत का नाही?" आणि तिचा आवाज चार टेबलांपर्यंत जातो.

"एडिटमध्ये जा," मी म्हणालो. "ट्रॅक चेंजेस. त्यात 'शो' आहे बघा, त्याची टिक काढा."

तिनं काढली. तांबडं नाहीसं झालं. पान लख्ख.

"अय्यो! एवढंच होतं होय!" ती हसली. "तुम्ही नसता तर काय केलं असतं आम्ही."

"छे, छे," मी म्हणालो आणि कॉफी संपवली.

गाळलेलं गेलं नव्हतं. फक्त दिसेनासं झालं होतं. तिनं कागदावर प्रिंट काढली, मालकांनी सही केली, कागदावर सगळं सोवळं होतं. त्या गिऱ्हाइकाला मात्र क्वोटेशन वर्डच्या फाइलमध्ये लागतं, कारण त्यांचे लोक त्यातच आपल्या अटी भरतात. तिनं ती फाइल पाठवली. त्यांच्याकडे खरं वर्ड, भाड्याचं. त्यांनी उघडलं, समासात लाल रेघ दिसली, कोणीतरी त्यावर क्लिक केलं, आणि आमच्या मालकांचं अंतःकरण त्यांच्यापुढे उघडलं.

फोन दुपारी आला. मालकांनी स्पीकरवर घेतला, कारण मोठ्या गिऱ्हाइकाचा फोन ते सगळ्यांना ऐकवतात.

"सर," पलीकडचे खरेदी-अधिकारी अगदी शांतपणे म्हणाले, "तुमचं क्वोटेशन मिळालं. छान आहे. एक विचारायचं होतं. आमचा इन्स्पेक्टर झोपेत शिक्का मारतो, हे तुमच्या कुठल्या कलमात येतं?"

मालक स्पीकरचं बटण चाचपू लागले.

"आणि आम्हाला सूट दिली की आम्ही डोक्यावर बसतो, असं लिहिलंय. सूट कधी दिली होती, सर? आम्हाला आठवत नाही, आठवली तर बरं वाटेल."

सगळं ऑफिस आपापल्या पडद्यात तोंड घालून बसलं होतं. कोणीतरी खोकल्याच्या नावाखाली हसलं. मालकांनी स्पीकर बंद केला, दार बंद केलं, आणि बराच वेळ आतून "नो नो सर, नॉट लाइक दॅट सर" एवढंच ऐकू येत राहिलं.

मग दार उघडलं.

"मी बोललो ते टाइप का केलं?" ते तिला म्हणाले.

"सर, तुम्हीच म्हणता ना, सगळं टाइप कर, नंतर गाळ."

"मग गाळलं का नाही?"

"गाळलं, सर! तुम्हीच प्रिंट बघितली. त्यात होतं का?"

"मग त्यांना कुठून दिसलं? आकाशातून?"

उत्तर माझ्याकडे होतं, तीन टेबलं पलीकडे. मी त्या वेळी कसलीशी पिन शोधत होतो. खणात. बराच वेळ.

"नोट काढली होती ना सगळ्यांसाठी?" मालक तिला म्हणाले. "वाचायची नाही, समजून घ्यायची नाही. आयतु, झालं तेवढं पुरे. सोमवारपासून गोडाऊनला जा. रबराची खोकी मोज. तिथे काही गाळायचं नसतं." मग माझ्याकडे वळून : "दुसरं कोणी मिळेपर्यंत क्वोटेशन तुम्ही बघा."

ह्या जागी मला बोलायचं होतं, असं मी आता लिहू शकतो. पण मला बोलायचं नव्हतं. मला फक्त तो दिवस संपायला हवा होता.

सोमवारी मी तिच्या खुर्चीत बसलो. खुर्ची उंचीला कमी होती, खालचा दांडा ओढून मी ती वर केली. इतका हक्क मी एका सकाळीत गाजवला. मालक मागे येऊन उभे राहिले आणि सांगू लागले. धडा शिकून ते बदलले असतील असं वाटलं होतं. ते बदलले नव्हते. "डिलिव्हरी सहा आठवडे. खरं तर दहा लागतील, पण ह्यांना कोण सांगणार. आणि हो, फाइल नीट बघून पाठवा, त्या बाईसारखं करू नका, तिला डोकं नाही." मी टाइप करत होतो. थांबायचं नाही, विचारायचं नाही. "तिला डोकं नाही" हे मी माझ्या बोटांनी टाइप केलं. ते गेल्यावर गाळलं. नोंद बंद आहे ना, हे आधी दोनदा तपासून. मला तपासता येत होतं.

गोडाऊन कारखान्याच्या मागच्या बाजूला, पत्र्याचं. रबराचा वास इतका की कपड्यांतून घरी येतो. तिथून ती एका दुपारी आवक-चिठ्ठीवर सही घ्यायला आली. माझ्या, म्हणजे तिच्या टेबलापाशी उभी राहिली.

"अण्णा, एक विचारू? रागावू नका."

"विचारा की."

"तुमची नोट मी परत परत वाचली. कागद घरी नेला होता. भाऊजींनाही दाखवला, ते बँकेत आहेत. लाल रेघांचं त्यात कुठे आहे? माझीच नजर चुकते का बघा ना. कंट्रोल-डी आहे. दुहेरी अधोरेखा." ती हसली, पण नीट नाही. "आयुष्यात कोणी दुहेरी अधोरेखा मारलीय हो ह्या ऑफिसात? ते आठवणीनं घातलंत. माझंच कुठे चुकलं तेवढं सांगा. सरांना निदान एवढं तरी सांगता येईल की मला कळलंय, परत होणार नाही."

ती विचारत होती, आरोप करत नव्हती. आरोप केला असता तर मला चिडता आलं असतं.

"बघतो," मी म्हणालो आणि चिठ्ठीवर सही केली. फार नेटकी सही केली.

घरी सरस्वतीपुरमात बायको अवरेकाळू सोलत बसली होती. ही थंडीतली शेंग आली की आमच्या घरात महिनाभर दुसरं काही शिजत नाही. मीही समोर बसलो आणि सोलायला लागलो. मी न सांगता कामाला हात लावला म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे तिला कळतं. शाळेत शिकवते ती, गप्प बसलेली मुलं ओळखणं हा तिचा धंदाच.

"काय फोडलंत?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. सगळं. ओळ लिहिली होती, काढली, मग कॉफी हातात घेऊन शोची टिक काढायला लावली. ती सोलायची थांबली नाही.

"म्हणजे तुमच्या नव्वद टक्क्यांसाठी ती खोकी मोजते."

"तसं अगदी नाही..."

"मग कसं अगदी आहे?"

मी म्हणालो की सरळ सांगायला गेलो तर मालक काय म्हणतील सांगता येत नाही, आणि आता इतके दिवस झाल्यावर ते विचित्र दिसेल, आणि कदाचित तिला दोन महिन्यांत परत आणतीलच.

"सुम्ने इरी," ती म्हणाली. म्हणजे गप्प बसा. "हे तुम्ही मला का सांगताय? माझं टेबल गेलंय का?"

दुसऱ्या दिवशी मी दुसरी नोट लिहिली. पुन्हा मसुदा. आणि काय सांगू, ह्या वयात, इतकं सगळं होऊनही, माझी बोटं आपोआप मऊ शब्दांकडे जात होती. "पूर्वीच्या नोटेत जागेअभावी काही बाबी राहून गेल्या असाव्यात." "काही सहकाऱ्यांना तोंडी दिलेल्या सूचनेतून गैरसमज झाल्याची शक्यता आहे." अशी वाक्यं लिहिताना कसं गार वाटतं. त्यात कोणी काही केलेलंच नसतं. जागा कमी पडते, शक्यता असते, गैरसमज होतात, पावसासारखे.

प्रिंट काढून मी गोडाऊनला गेलो. ती खोक्यांच्या रांगेत वही घेऊन उभी होती. "वाचा," म्हणालो.

तिनं वाचली. एकदा भराभर, मग पुन्हा सावकाश. मग कागदाकडे न बघता माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"तेव्हाच? मी विचारलं तेव्हा?"

"त्याच्याही आधी. नोट लिहिताना."

मला शिवी अपेक्षित होती, निदान कन्नडमधली. तिनं वही खोक्यावर ठेवली, कानामागचं पेन काढलं आणि माझ्या नोटेवर उभ्या उभ्या गाळणी सुरू केली.

"हे 'असाव्यात' कशाला? असाव्यात म्हणजे कोणाला माहीत नाही तेव्हा. तुम्हाला माहीत आहे." काट. "जागेअभावी. अर्धं पान रिकामं आहे की खाली." काट. "'काही सहकाऱ्यांना' कोण? आमच्या घरी सगळ्यांना माझं नाव माहीत आहे, इथे काही सहकारी होऊ मी?" काट. "'तोंडी दिलेल्या सूचनेतून.' कोणी दिलेल्या?"

"मी."

"मग लिहा तसं. मराठीत, इंग्लिशमध्ये, कशातही लिहा. पण 'मी' लिहा."

"सर म्हणतील..."

"सर काय म्हणायचं ते म्हणाले, अण्णा. मला म्हणाले. सगळ्या ऑफिससमोर. तुम्ही पिन शोधत होता."

तिनं पाहिलं होतं. अर्थात पाहिलं होतं.

मी परत आलो आणि तिथेच बसून लिहिली. ही ती नोट, जशीच्या तशी, फक्त मराठीत आणि तिचं नाव इथे गाळून :

"सर्वांस. रायटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-सी दाबू नका. त्यानं रंगढंग कॉपी होत नाही, बदलांची नोंद चालू होते आणि पुसलेलं फाइलमध्ये राहतं. रंगढंग उचलायला वरचा ब्रश वापरा. कंट्रोल-शिफ्ट-व्हीनं फक्त पेस्ट कसं करायचं ते विचारणारी खिडकी उघडते. लाल रेघा दिसल्या तर 'शो'ची टिक काढू नका. त्यानं त्या लपतात, जात नाहीत. एडिट, ट्रॅक चेंजेसमध्ये जाऊन आधी नोंद बंद करा, मग सगळे बदल स्वीकारा, मग सेव्ह करा, मगच पाठवा. हे पहिल्या नोटेत नव्हतं, कारण मी ते काढून टाकलं होतं. बेंगळूरूच्या क्वोटेशनमध्ये 'शो'ची टिक काढायला मीच सांगितलं होतं. त्यानं रेघा लपतात, जात नाहीत, हे मला तेव्हा माहीत होतं. क्वोटेशनच्या बाईंची त्यात चूक नाही."

खाली माझं नाव. मालकांना प्रत. पाठव दाबलं तेव्हा काहीही हलकं वगैरे वाटलं नाही.

मालकांनी नोट वाचल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. त्यांनी आत बोलावलं. कागद समोर.

"नव्वद टक्के," ते म्हणाले.

"सर."

"इतकी वर्षं मला वाटत होतं तुम्ही फार बोलत नाही म्हणजे विचार करत असता." ते खुर्चीत मागे रेलले. "विचार करून करून हे केलंत?"

मी उभा होतो.

"तुम्ही त्या बाईला गोडाऊनला जाताना बघितलंत. मी पाठवलं, चला, मी चिडका माणूस आहे, सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही तर चिडकेही नाही." हे त्यांनी फार हळू म्हटलं. त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. मग लगेच नेहमीचा आला : "आणि आता त्यांना कोण फोन करणार? मी? माझा इन्स्पेक्टर झोपतो म्हणून?"

"त्यांचा इन्स्पेक्टर, सर."

"तेच!"

फोन शेवटी तिनंच केला. टेबल परत मिळाल्यावर, मिळायच्या आधी नाही. हे तिनं मालकांना तोंडावर सांगितलं. खरेदी-अधिकाऱ्यांना ती काय म्हणाली ते मला कळलं नाही, कारण तिनं स्पीकर लावला नाही. ऑर्डर पूर्ण गेली नाही, अर्धी राहिली. सूट मात्र ह्या वेळी खरीच द्यावी लागली.

गोडाऊनला माणूस हवाच होता. मालक म्हणाले, "तुम्ही." मी "हो सर" म्हणालो. वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

तिला टेबल परत मिळालं त्या सोमवारी मी लवकर आलो, म्हणजे ती यायच्या आत टेबल सोडता येईल. पण ती आधीच येऊन उभी होती, पर्स खांद्याला, रबराचा वास अजून साडीला. खुर्ची तिनं खाली करून घेतली होती. मी नमस्कार केला, तिनं मान हलवली. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, "अम्मा, फाइल पाठवताना एकदा..."

"मला येतं," ती म्हणाली. "तुमचा डबा राहिलाय माझ्या खणात. तेवढा घेऊन जा."

मी खण उघडला आणि डबा घेतला.